बोट टेकलं, पण काय म्हणायचं होतं?

मार्च २०१४ मध्ये गाब्रिएले चिरुल्ली या एकोणीस वर्षांच्या इटालियन मुलाने '२०४८' नावाचा खेळ इंटरनेटवर फुकट ठेवला. सोळा घरांचा पट आणि त्यावर २, ४ असे आकडे. बोट ज्या दिशेला सरकवाल त्या दिशेला सगळे आकडे एकदम सरकतात, सारखे आकडे एकमेकांत मिसळून दुप्पट होतात आणि प्रत्येक चालीनंतर रिकाम्या घरात एक नवा आकडा उगवतो. खेळणाऱ्यांना लवकरच एक युक्ती सापडली. सगळ्यांत मोठा आकडा एका कोपऱ्यात, समजा खाली डावीकडे, न्यायचा आणि तिथून हलू द्यायचा नाही. त्यासाठी डावीकडे, उजवीकडे आणि खाली एवढंच खेळायचं, वर सरकवायचं नाही. आता १०२४ त्या कोपऱ्यात बसला आहे, तुम्ही अंगठा डावीकडे नेता, तो जरा तिरका जातो आणि खेळ त्याला 'वर' समजतो. १०२४ कोपरा सोडतो आणि त्याच्या जागी नवा २ येऊन बसतो. मूळ खेळात चाल मागे घ्यायची सोयही नाही.

अशा वेळी आपण स्वतःच्या अंगठ्याला किंवा फोनला दोष देतो. पण तो अंगठा नेमका कुठून कुठे गेला, हे फोनने बहुतेक वेळा बरोबरच सांगितलेलं असतं. त्या हालचालीचा अर्थ लावणं हे खेळाचं काम, आणि गफलत होते ती तिथे.

फोन खेळाला काय सांगतो, ते आधी पाहू. काचेखाली डोळ्यांना न दिसणाऱ्या, विजेच्या तारांचं काम करणाऱ्या पट्ट्यांची एक जाळी असते. बोट जवळ आलं की तिथलं विद्युतक्षेत्र बदलतं. टचस्क्रीनची चिप ही जाळी सेकंदाला साठ, एकशे वीस किंवा त्याहूनही जास्त वेळा तपासते. तिला दिसतो तो बोटाचा टेकलेला भाग, म्हणजे एक पसरट ठिपका. त्या ठिपक्याचा मध्य काढून ती एक बिंदू पुढे पाठवते: अमुक क्रमांकाचं बोट टेकलं, इथे आहे, आता इथे आहे, उचललं. एवढंच. टॅप, स्वाइप, पिंच असले शब्द त्या चिपला ठाऊक नसतात. खेळ लिहिणाऱ्याला ते या बिंदूंवरून ओळखायचे असतात, आणि तेही बोट अजून काचेवर असताना, म्हणजे खेळणाऱ्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आधी.

सगळ्यांत सोपा वाटणारा टॅपच घ्या. बोट टेकलं, जागचं न हलता उचललं, झाला टॅप. पण बोट जागचं हलत नाही असं होतच नाही. टेकताना आधी बोटाचं टोक लागतं, मग दाबाने बोट चपटं होतं, ठिपका मोठा होतो आणि त्याचा मध्य सरकतो. उचलताना बोट थोडं लोळतं. खेळणाऱ्याला यातलं काही जाणवत नाही.

एक उदाहरण मांडून पाहू. समजा शेतीचा एक खेळ आहे. वाफ्यावर टॅप केलं की पीक काढलं जातं, एका बोटाने ओढलं की शिवाराचा नकाशा सरकतो आणि दोन बोटांनी पिंच केलं की तो लहानमोठा होतो. फोनच्या पडद्यावर इंचाला ४०० पिक्सेल आहेत. खेळणाऱ्याने एका वाफ्यावर बोट टेकवलं तेव्हा बिंदू होता डावीकडून ५४०, वरून १२००. पंचवीस मिलिसेकंदांनी तो ५४१, १२०४ झाला, अठ्ठावन्न मिलिसेकंदांनी ५४३, १२०९, आणि एक्याण्णव मिलिसेकंदांनी बोट उचललं तेव्हा ५४४, १२११. म्हणजे चार पिक्सेल आडवं आणि अकरा पिक्सेल उभं, मिळून सुमारे पावणेबारा पिक्सेल. मिलिमीटरमध्ये सांगायचं तर पाऊण मिलिमीटरही नाही.

खेळ लिहिणाऱ्याने जर 'दहा पिक्सेलपेक्षा जास्त हललं तर ते ओढणं' असा नियम ठेवला असेल, तर या बोटाने वाफा कापला नाही, नकाशा किंचित सरकवला. खेळणाऱ्याला दिसतं ते एवढंच, की दाबलं आणि काही झालं नाही. तो पुन्हा, जरा जोर लावून दाबतो. जोर लावल्याने बोट आणखी चपटं होतं, बिंदू आणखी सरकतो, आणि टॅप पुन्हा हुकतो.

दहा हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. युनिटी या खेळ बनवण्याच्या लोकप्रिय सॉफ्टवेअरमध्ये ओढण्याची मर्यादा न बदलता सोडली तर ती दहा पिक्सेलच असते. इंचाला १६० पिक्सेल असलेल्या जुन्या पडद्यावर दहा पिक्सेल म्हणजे दीड मिलिमीटरच्या थोडं वर, आणि ते पुरेसं असतं. इंचाला ४८० पिक्सेल असलेल्या पडद्यावर तेच दहा पिक्सेल जेमतेम अर्धा मिलिमीटर भरतात. पडदे बारीक होत गेले, बोटं होती तेवढीच राहिली. म्हणून मर्यादा पिक्सेलमध्ये नव्हे, लांबीत ठरवायची. अँड्रॉइडची स्वतःची मर्यादा आठ 'डीपी' आहे. एक डीपी म्हणजे इंचाचा एकशे साठावा भाग, तेव्हा आठ डीपी म्हणजे सव्वा मिलिमीटर. आपल्या ४०० पिक्सेलवाल्या फोनवर ते वीस पिक्सेल होतात. त्या मापाने वरचा टॅप निर्विवाद टॅप ठरतो. दोन पोटनियम मात्र विसरून चालत नाहीत. बोट सुरुवातीपासून जास्तीत जास्त किती लांब गेलं ते मोजायचं, शेवटी कुठे आहे ते नाही. नाहीतर लांब फिरून परत आलेलं बोटही टॅप ठरेल. आणि मर्यादा एकदा ओलांडली की ते बोट उचलेपर्यंत ओढणारंच मानायचं.

मर्यादा मोठी ठेवली की टॅप हुकत नाहीत, पण नकाशा ओढायला घेतला की तो आधी अडल्यासारखा वाटतो. लहान ठेवली की नकाशा झटकन सरकतो आणि टॅप हुकतात. दोन्ही बाजूंनी समाधान देणारा आकडा नसतो. मी स्वतः एक वेगळा प्रश्न विचारून हे ठरवतो: चुकलो तर काय बिघडेल, आणि ते परत सुधारता येईल का? नकाशा चुकून थोडा सरकला तर कोणी तक्रार करत नाही. वाफा चुकून कापला गेला किंवा साठवलेली नाणी खर्च झाली तर करतो. म्हणून जे परत फिरवता येतं ते बोट टेकताक्षणी करावं, आणि जे फिरवता येत नाही त्यासाठी बोट उचलेपर्यंत थांबावं. बोट टेकताच वाफा उजळवायचा, म्हणजे खेळणाऱ्याला 'ऐकलं' ही पोच मिळते. कापायचा मात्र बोट उचलल्यावर. मधल्या वेळात विचार बदलला तर बोट बाजूला सरकवून सुटता येतं.

आता स्वाइप, आणि परत २०४८. या खेळाचा मूळ प्रोग्रॅम चिरुल्लीने सगळ्यांसाठी खुला ठेवला आहे. दिशा ठरवणारा भाग एवढाच आहे:

```
if (Math.max(absDx, absDy) > 10) {
  // (right : left) : (down : up)
  self.emit("move", absDx > absDy ? (dx > 0 ? 1 : 3)
                                  : (dy > 0 ? 2 : 0));
}
```

बोट टेकलं तिथपासून उचललं तिथपर्यंत ते आडवं किती गेलं आणि उभं किती गेलं, हे दोन आकडे काढायचे. त्यांतला मोठा आकडा दहाच्या वर नसेल तर काहीच करायचं नाही. असेल, तर जो मोठा त्याची दिशा खरी. इथले दहा पिक्सेल ब्राउझरचे आहेत आणि ब्राउझर ते पडद्याच्या बारकाईनुसार वाढवून घेतो, त्यामुळे आधीचं दुखणं इथे नाही. मधला रस्ता पाहिलाच जात नाही, फक्त दोन टोकं पाहिली जातात. त्याचा एक छान फायदा होतो: चूक दिशेला निघालेलं बोट न उचलता सुरुवातीच्या जागी परत आणलं तर चाल रद्द. हे मुद्दाम केलेलं असो वा नसो, मला ते आवडतं.

अडचण आहे ती पंचेचाळीस अंशांवर. उजव्या हातात फोन धरून त्याच हाताच्या अंगठ्याने खेळताना अंगठा सरळ रेषेत जात नाही. कंपासचं टोक कागदावर रोवावं तसा तो मुळाशी रोवलेला असतो आणि कमान काढतो. मनात 'डावीकडे' असतं, काचेवर 'डावीकडे आणि थोडं वर' उमटतं. समजा एका स्वाइपमध्ये अंगठा डावीकडे ९० पिक्सेल आणि वर ९५ पिक्सेल गेला. वरचा नियम बेधडक 'वर' असा निकाल देतो. पाच पिक्सेलच्या फरकाने १०२४ कोपऱ्यातून निघतो.

यावर उपाय म्हणजे 'समजलं नाही' असं म्हणण्याची मुभा खेळाला देणं. मोठा आकडा लहान आकड्याच्या निदान दीडपट असेल तरच दिशा मानायची, नाहीतर चाल सोडून द्यायची आणि पट किंचित थरथरवून तसं दाखवायचं. कोनात सांगायचं तर चौतीस ते छप्पन्न अंशांमधले, म्हणजे कर्णाच्या आजूबाजूचे स्वाइप नाकारले जातात. ९० आणि ९५ चं गुणोत्तर दीडच्या जवळपासही नाही, तेव्हा ती चाल होत नाही. खेळणारा पुन्हा सरकवतो, अर्धा सेकंद जातो, डाव वाचतो.

हाच नियम 'सबवे सर्फर्स'सारख्या धावण्याच्या खेळात लावला तर मात्र तो खेळ मरेल. तिथे समोरून आगगाडी येत असते. 'समजलं नाही' म्हणून स्वस्थ बसण्यापेक्षा अंदाजाने एका बाजूला उडी मारणं परवडतं. तिथे बोट उचलण्याची वाट पाहणंही परवडत नाही. बोटाने ठरावीक अंतर कापलं की त्याच क्षणी दिशा ठरवून मोकळं व्हावं लागतं. त्या खेळात दोनदा टॅप केलं की हवेत तरंगणारी फळी मिळते, आणि एकदाच टॅप करण्याला काही अर्थ दिलेला नाही. ही बारीक गोष्ट वाटते, पण तिच्यामुळे मोठा वेळ वाचतो. एका टॅपला एक अर्थ आणि दोन टॅपना दुसरा असेल, तर पहिल्या टॅपनंतर दुसरा येतोय का याची वाट पाहत थांबावं लागतं. अँड्रॉइडवर ही वाट तीनशे मिलिसेकंदांची असते, आणि तेवढा उशीर कोणालाही जाणवतो. मोबाइलवरचे ब्राउझर कित्येक वर्षं याच कारणाने प्रत्येक टॅपला थबकत असत, कारण दोनदा टॅप केलं की पान मोठं करायचं होतं. खेळात शक्यतो हा गुंता करूच नये.

पिंचमध्ये खरी गंमत आहे, कारण दोन बोटं कधीच एकदम टेकत नाहीत आणि एकदम उचलली जात नाहीत. शेतीच्या खेळाकडे परत येऊ. खेळणाऱ्याला नकाशा मोठा करायचा आहे. पहिलं बोट ३०० वर टेकतं. खेळाला वाटतं, टॅप येतोय किंवा ओढणं. चाळीस मिलिसेकंदांनी दुसरं बोट ७०० वर टेकतं. आता दोन बोटांत ४०० पिक्सेलचं अंतर आहे. बोटं फाकत २०० आणि ८०० वर पोचतात, अंतर ६०० होतं. सहाशे भागिले चारशे म्हणजे दीड, तेव्हा नकाशा दीडपट करायचा. इथपर्यंत सोपं आहे. दर वेळी सुरुवातीच्या अंतराशी भागाकार करायचा. मागच्या फ्रेमपासून किती वाढलं याची बेरीज करत बसलं तर बारीक चुका साठत जातात आणि बोटं मूळ जागी आणली तरी नकाशा मूळ मापावर येत नाही. शिवाय दोन बोटांच्या मधोमध असलेली जागा काचेवर तिथेच राहिली पाहिजे. विहीर बोटांच्या मध्ये धरून नकाशा मोठा केला तर विहीर बोटांच्या मध्येच दिसली पाहिजे, नाहीतर नकाशा हातातून निसटतोय असं वाटतं.

सुरुवातीच्या त्या चाळीस मिलिसेकंदांत पहिल्या बोटाखालचा वाफा कापला जाऊ नये, हे 'उचलल्यावर कापायचं' या नियमाने आपोआप साधतं. फक्त एक भर घालायची: दुसरं बोट टेकताच पहिल्या बोटाचा टॅप होण्याचा हक्क संपला, तो पुन्हा मिळत नाही.

आता शेवट पाहा. चारशे दहाव्या मिलिसेकंदाला डावं बोट उचललं जातं. उजवं अजून ८०० वर आहे आणि ते आणखी चाळीस मिलिसेकंदांनी उचललं जाणार आहे. नकाशा 'काचेवरच्या बोटांच्या मध्याबरोबर सरकवायचा' असं लिहिलेलं असेल, तर हा मध्य एका फ्रेमपूर्वी ५०० वर होता आणि आता एकच बोट उरल्याने ८०० वर आहे. नकाशा एका झटक्यात तीनशे पिक्सेल, म्हणजे जवळजवळ दोन सेंटिमीटर उडतो. गोष्ट तिथेच थांबत नाही. बोट उचलताना जो वेग असेल त्याच वेगाने नकाशा पुढे घसरत राहावा अशी सोय बहुतेक खेळांत असते. सेकंदाला साठ फ्रेम धरल्या तर एका फ्रेममध्ये तीनशे पिक्सेल म्हणजे सेकंदाला अठरा हजार पिक्सेल. नकाशा भिरकावला जाऊन थेट शिवाराच्या टोकाला जाऊन आदळतो. तुम्ही एखाद्या खेळात नकाशा मोठा केल्या केल्या तो कुठेतरी पळून जाताना पाहिला असेल, तर बहुधा हेच घडलेलं असतं.

याचाच एक चुलतभाऊ क्रमांकाच्या घोळातून जन्मतो. प्रत्येक बोटाला फोन एक ओळखक्रमांक देतो आणि बोट काचेवर आहे तोवर तो बदलत नाही. पण खेळाला बोटांची जी यादी मिळते तिच्यात पहिलं बोट उचललं की दुसरं बोट पहिल्या जागी सरकतं. यादीतल्या जागेवर विसंबलं तर 'पहिलं बोट' २०० वरून ८०० वर क्षणात पोचल्यासारखं दिसतं. म्हणून ओळखायचं ते ओळखक्रमांकाने, यादीतल्या जागेने नव्हे.

उपाय दोन आहेत. काचेवरच्या बोटांची संख्या बदलली की सगळी मोजमापं नव्याने सुरू करायची: उजवं बोट आता ८०० वर आहे, तर तेच नवं मूळ, आणि तिथून पुढे हललं तरच नकाशा हलेल. यात पिंच करता करता एक बोट उचलून दुसऱ्याने ओढत राहता येतं. दुसरा उपाय जास्त कडक आहे. पिंच एकदा सुरू झाला की सगळी बोटं उचलली जाईपर्यंत उरलेल्या बोटाचं काहीच मानायचं नाही. नकाशाच्या खेळात मी पहिला निवडतो. जिथे उरलेल्या बोटाने काहीतरी बांधलं किंवा तोडलं जाऊ शकतं तिथे दुसरा.

आता नको असलेले स्पर्श. लोकांना तळहात आठवतो, पण खेळांत सगळ्यांत जास्त उपद्रव देतो तो फोन धरणारा अंगठा. फोन आडवा धरला आहे, डाव्या हाताचा अंगठा काचेच्या कडेला टेकून विसावला आहे, आणि उजव्या हाताने वाफ्यावर टॅप होतो. खेळाच्या हिशेबात काचेवर दोन बोटं आहेत, म्हणजे पिंच. टॅप हरवला. जितक्या वेळा दाबाल तितक्या वेळा हरवणार. २०४८ मध्ये तर एकाहून जास्त बोटं काचेवर असतील तर स्वाइप सरळ नाकारला जातो. त्या खेळापुरतं ते ठीक आहे, कारण तिथे न झालेली चाल ही चुकीच्या चालीपेक्षा बरी. शेतीच्या खेळात मात्र विसावलेला अंगठा ओळखावा लागतो.

तो ओळखू येतो तो त्याच्या आळसामुळे. कडेपासून काही मिलिमीटरच्या पट्ट्यात टेकलेला, कुठल्याही बटणावर नसलेला आणि पाव सेकंद उलटला तरी जागचा न हललेला स्पर्श असेल, तर त्याला 'विसावलेला' म्हणायचं आणि बोटांच्या मोजणीतून वगळायचं. तो पुढे ठळकपणे, समजा पाच मिलिमीटर, आत सरकला तर त्याला पुन्हा मोजणीत घ्यायचं. कडेचा पट्टा सरसकट बंद करण्याचा मोह होतो, पण तसं केलं की कडेजवळच्या वाफ्यांवर टॅपच होत नाही, आणि कडेपासून सुरू होणारे खरे स्वाइपही मरतात.

ठिपक्याच्या आकारावरून तळहात ओळखता येतो का? अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीकडे स्पर्शाच्या रुंदीचा अंदाज मिळतो, पण तो आकडा प्रत्येक फोनवर निराळा असतो. म्हणून ठाम सीमा न आखता, त्याच खेळणाऱ्याच्या नेहमीच्या स्पर्शापेक्षा हा किती मोठा आहे एवढंच पाहावं आणि ते संशयाचं एक कारण मानावं, पुरावा नव्हे.

आणखी एक बाब अशी, की फोन स्वतःच दिलेला स्पर्श परत मागतो. बोट काचेवर असतानाच फोन आला, वरून सूचनांचा पडदा ओढला गेला, किंवा कडेपासूनचा स्वाइप 'मागे जा' अशी खूण आहे हे अँड्रॉइडच्या उशिरा लक्षात आलं, की तो खेळाला `ACTION_CANCEL` असा निरोप धाडतो. आयफोनवर तोच निरोप `touchesCancelled` या नावाने येतो. अर्थ असा: तो स्पर्श झालाच नव्हता असं समजा. हा निरोप दोन प्रकारे चुकतो. 'बोट उचललं' असा त्याचा अर्थ लावला तर फोन वाजताक्षणी वाफा कापला जातो किंवा नाणी खर्च होतात. तो ऐकलाच नाही तर खेळाच्या लेखी एक भुताचं बोट काचेवर कायमचं उरतं, आणि त्यानंतरचा प्रत्येक टॅप त्या भुताबरोबरचा पिंच ठरतो. 'कॉल येऊन गेल्यावर खेळ ऐकेनासा होतो, बंद करून उघडला की नीट चालतो' अशी तक्रार आली की आधी इथेच पाहावं.

पावसाळ्यात मात्र खेळ लिहिणाऱ्याच्याही हातात सगळं उरत नाही. काचेवर पाण्याचा पापुद्रा असला की बोटाचा ठिपका पसरतो, फाटतो, आणि ओढता ओढता मध्येच स्पर्श तुटतो. नोंद पाहिली तर बोट उचललं गेलेलं दिसतं आणि पंधरा-वीस मिलिसेकंदांत दोन मिलिमीटरवर पुन्हा टेकलेलं दिसतं. माणसाचं बोट इतक्या चपळाईने उचलून टेकवता येत नाही, तेव्हा तीस मिलिसेकंदांच्या आणि तीन मिलिमीटरच्या आत आलेला नवा स्पर्श हा जुन्याचाच पुढचा भाग मानून सांधता येतो. किंमत अशी, की बोट उचलल्यावर खेळाला तीस मिलिसेकंद थांबून खात्री करावी लागते. नकाशाच्या खेळात ती द्यावी, धावण्याच्या खेळात देऊ नये.

हलक्या प्रतीच्या चार्जरचा त्रास त्याहून चमत्कारिक. चार्जरमधून येणारी विजेची खळबळ टचस्क्रीनच्या मोजमापात मिसळते. बोट स्थिर असताना बिंदू नाचतो, कधी तर कुणी न दाबताच टॅप उमटतात. खेळातल्या कोणत्याही मर्यादेने हे बरं होत नाही. मर्यादा वाढवत नेल्या तर चांगल्या फोनवर खेळणाऱ्या सगळ्यांना त्याची शिक्षा होते. जाड किंवा नीट न चिकटलेली स्क्रीन गार्डही अशीच. तिच्यामुळे बोट क्षीण दिसतं आणि स्पर्श तुटतात.

तुमचा आवडता खेळ बोटांचं ऐकत नसेल, तर दोष कुठे आहे हे घरच्या घरी पाहता येतं. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये Build number या ओळीवर सात वेळा टॅप केलं की Developer options उघडतात. त्यांत Pointer location चालू करा. बोट जिथून जाईल तिथे पडद्यावर रेघ उमटेल आणि वरच्या पट्टीत बोटांची संख्या दिसेल. आधी चार्जर काढून पाहा, काच कोरडी पुसून पाहा. रेघ तुटत असेल, नाचत असेल, किंवा बोट नसलेल्या जागी उमटत असेल, तर खेळाला बोल लावू नका. चार्जर, काच किंवा फोन तपासा. आणि रेघ स्वच्छ असूनही खेळ भलतंच करत असेल, तर त्या रेघेसकट पडद्याचं रेकॉर्डिंग करून खेळ बनवणाऱ्याला पाठवा. 'टच नीट चालत नाही' अशा शंभर तक्रारींपेक्षा ते एक रेकॉर्डिंग त्याच्या जास्त उपयोगाचं आहे.